खारूताईकडे दात दाखवायला

मुलांच्या दातांच्या दवाखान्याचं नाव ज्याच्यासाठी ठेवलेलं असतं, त्याला ते वाचता येत नाही. तीन-चार वर्षांचं मूल पाटी वाचत नाही, फोनवरचा नकाशा बघत नाही, नावापुढच्या पदव्याही त्याला कळत नाहीत. ते नाव त्याला पहिल्यांदा भेटतं ते आदल्या संध्याकाळी, घरात, आईच्या नाहीतर आजीच्या तोंडून. ‘उद्या आपल्याला अमुक ठिकाणी जायचंय.’ या वाक्यात ‘अमुक’च्या जागी जे काही येईल, त्यावरून मूल रात्रभर आपल्या मनात त्या जागेचं चित्र रंगवतं. म्हणून बालदंतवैद्याने नाव ठरवताना पाटीचा विचार नंतर करावा आणि या वाक्याचा आधी.

भीतीचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ स्टॅनली रॅकमन यांनी १९७७ साली भीती अंगी येण्याचे तीन मार्ग सांगितले होते. स्वतःला दुखलं म्हणून, दुसऱ्याला घाबरलेलं पाहिलं म्हणून, आणि कुणी काही सांगितलं म्हणून. नुसत्या सांगण्याने किती फरक पडतो हे पुढे इंग्लंडमधल्या अँडी फील्ड यांनी सहा ते नऊ वर्षांच्या मुलांवर तपासलं. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात मुलांना ऑस्ट्रेलियातल्या काही प्राण्यांची माहिती दिली गेली. हे प्राणी त्यांनी कधी पाहिले नव्हते, नावंही ऐकली नव्हती. एका प्राण्याबद्दल वाईट माहिती, दुसऱ्याबद्दल चांगली. नंतर ‘या खोक्यात तो प्राणी आहे, हात घालून बघ’ असं म्हटल्यावर वाईट माहिती मिळालेल्या प्राण्याच्या खोक्याशी मुलं अडखळली. त्या प्राण्याने त्यांचं काहीच वाकडं केलेलं नव्हतं. दातांचा दवाखाना हाही मुलासाठी असाच न पाहिलेला प्राणी असतो, आणि त्याचं नाव ही त्याच्याविषयी मिळालेली पहिली माहिती.

आता आपल्याकडे ही माहिती कोणत्या घरात जाऊन पडते, तेही बघायला हवं. मराठी घरात दातांशी जोडलेली बोलणी फारशी प्रेमाची नाहीत. चिडलेला दादा ‘दात पाडीन’ म्हणतो, जास्त हसलं तर ‘दात काढू नकोस’ असं ऐकून घ्यावं लागतं, राग आला की माणूस दातओठ खातो, घाबरला की त्याची दातखिळी बसते. त्यातच जेवायला त्रास देणाऱ्या मुलाला ‘थांब, डॉक्टरांना सांगून सुई टोचायला लावते’ ही धमकी बहुतेक घरांतून कधी ना कधी दिली जाते. नाव या सगळ्याच्या वर बसणार आहे. त्याने जुना अर्थ पुसला जाणार नाही, पण मुलाच्या मनातलं चित्र थोडं दुसरीकडे वळवता येईल.

एक उदाहरण घेऊन बघू. समजा, साताऱ्यात एक तरुण डॉक्टर मुलांसाठी दातांचा दवाखाना काढते आहे. बी.डी.एस.नंतर तीन वर्षं बालदंतशास्त्रात एम.डी.एस. केलेली. गाळा ठरला आहे, खुर्ची यायची आहे, नाव मात्र ठरत नाही. घरच्यांनी, मैत्रिणींनी सुचवलेली नावं तिने वहीत लिहून ठेवली आहेत.

यादीत सगळ्यात वर आहे ‘किड्स डेंटल केअर’. ते सगळ्यांनाच आधी सुचतं. इंग्रजीत ते निरुपद्रवी आहे. पण महाराष्ट्रात २०२२ सालच्या कायद्यातल्या दुरुस्तीनंतर लहानमोठ्या सगळ्या आस्थापनांच्या पाटीवर नाव देवनागरीत असावं लागतं, तेही सुरुवातीला, आणि त्याचं अक्षर दुसऱ्या लिपीतल्या अक्षरापेक्षा लहान चालत नाही. म्हणजे दारावर मोठ्या अक्षरांत ‘किड्स’ येणार, आणि तेही दाताच्या चित्राशेजारी. आजी ते काय वाचेल? ‘कीड’च. ‘किडीज’ असं लिहिलं तर संशयालाही जागा उरत नाही. रोमन लिपीत नाव ठरवून मग ते देवनागरीत उतरवणाऱ्यांच्या हातून असं हमखास होतं. ‘टाइनी टीथ’ हे असंच आणखी एक नाव. कागदावर गोड, पण साताऱ्याच्या रिक्षावाल्याला सांगून बघा. कोणतंही नाव आधी देवनागरीत मोठ्या अक्षरांत लिहून, दहा पावलं मागे जाऊन, मोठ्याने वाचावं. एवढ्याने यादीतली बरीच नावं आपोआप गळतात.

दुसरं नाव कुणा काकांनी सुचवलेलं, ‘नो पेन चिल्ड्रन्स डेंटल’. हेतू चांगला आहे, पण यात दोन दोष आहेत. एक तर ज्या गोष्टीची मुलाला कल्पनाही नव्हती ती त्याच्या डोक्यात घातली जाते. ‘तिथे अजिबात दुखत नाही’ हे ऐकल्यावर मूल आधी ‘दुखत’ ऐकतं. बालदंतवैद्यांना त्यांच्या शिक्षणातच हे शिकवलेलं असतं. खुर्चीजवळ ‘सुई’, ‘इंजेक्शन’, ‘ड्रिल’, ‘दुखणं’ हे शब्द ते टाळतात. दाढ बधिर करायची असेल तर ‘दाताला थोडा वेळ झोपवूया’ म्हणतात, पाण्याचा फवारा म्हणजे ‘दाताची आंघोळ’. जी काळजी खुर्चीजवळ घ्यायची, ती पाटीवर मोडायची हे बरोबर नाही. दुसरा दोष अधिक गंभीर आहे. हे वचन पाळता येत नाही. कीड खोल गेलेल्या दाढेत भूल नीट चढेपर्यंत थोडं टोचतंच, आणि ज्या दिवशी टोचेल त्या दिवशी दवाखान्याचं नावच खोटं ठरेल. शिवाय दंतवैद्यांच्या व्यावसायिक आचारसंहितेलाही असली जाहिरातबाजी मान्य नाही.

खोटेपणा गोड रूपातही येतो. ‘चॉकलेट’, ‘कँडी’, ‘फनलँड’, ‘जत्रा’ अशी नावं काहींना सुचतात. मूल जत्रेला म्हणून निघतं आणि आडव्या खुर्चीवर, डोळ्यांवर दिवा घेऊन पोचतं. बालदंतशास्त्रात मुलाला सांभाळण्याची सगळ्यात मूलभूत रीत म्हणजे ‘सांगा, दाखवा, करा’. अमेरिकेतल्या अ‍ॅडलस्टन यांनी १९५९ साली ती मांडली आणि आजही प्रत्येक विद्यार्थी तीच शिकतो. काय करणार ते मुलाच्या भाषेत सांगायचं, आरसा त्याच्या हातात देऊन किंवा ब्रश त्याच्या नखावर फिरवून दाखवायचं, आणि जे सांगितलं-दाखवलं तेच करायचं. ही सगळी रीत उभी आहे ती मुलाचा विश्वास बसण्यावर. नावानेच फसवलं तर पहिल्या पायरीवरच घोटाळा. मला तर वाटतं, नाव मऊ असावं पण दात लपवणारं नसावं. दात हा शब्द नावातच हवा असं नाही, नावाखालच्या ओळीत असला तरी पुरे. पण मुलाने ‘तिथे काय असतं?’ विचारलं तर आईला चाचरत उत्तर द्यावं लागू नये.

यादीत पुढे ‘मोती’. मोत्यासारखे दात ही मराठी माणसाची आवडती उपमा. पण चार वर्षांच्या मुलाला उपमा कळत नाहीत. ‘मोती’ म्हटल्यावर त्याच्या डोळ्यांपुढे बहुधा शेपूट हलवणारा कुत्रा येईल, आणि आजोबांना मोतीबिंदू आठवेल. ‘कुंदकळी’ नाव ऐकायला फारच सुंदर, जुन्या काव्यातून आलेलं. पण कुंदाचं फूल आज किती मुलांनी पाहिलं आहे? नाव मोठ्यांना भावतं आणि मुलासमोर मुकं राहतं, तेव्हा ते चूक नसतं, पण त्याचा मुलाला उपयोगही नसतो. ‘एकदंत’ हे नाव महाराष्ट्रातल्या दंतवैद्याला सुचल्याशिवाय कसं राहील! गणपती हा मुलांचा लाडका देव, त्यामुळे भीती तर नाहीच. अडचण वेगळी. दात नीट राहावेत म्हणून जिथे जायचं, त्या जागेचं नाव एकच दात उरलेल्याचं, हे पाच वर्षांचं चौकस मूल बरोबर पकडतं आणि ‘मग माझे बाकीचे काढणार का?’ असं विचारतं.

‘उंदीरमामा’ हे नाव तिच्या आजीने दिलं. मला यादीतलं हे सगळ्यात कुतूहलाचं वाटतं, कारण त्याला खरी मुळं आहेत. दुधाचा दात पडला की तो उंदराच्या बिळात टाकायचा नाहीतर छपरावर फेकायचा आणि उंदराकडे त्याच्यासारखे बळकट दात मागायचे, ही रीत आपल्याकडे घरोघर होती. जगातही उशीखालचा दात नेणारी परी सगळीकडे नाही. स्पेनमध्ये दात नेतो तो पेरेझ नावाचा उंदीर, लुईस कोलोमा यांनी १८९४ च्या सुमारास बालराजासाठी लिहिलेल्या गोष्टीतला. फ्रान्समध्येही छोटी उंदरीच येते. उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, कुरतडून झिजतात आणि पुन्हा वाढतात. त्याच्याकडे दात मागण्यात लोकांचं निरीक्षण आहे. मुलासाठी हे नाव उत्तम. पण नाव मुलाच्या कानात पोचतं ते आईमार्फत, आणि दवाखान्याशी उंदीर जोडला की आईच्या मनात पहिला प्रश्न येतो स्वच्छतेचा. ज्या जागेत निर्जंतुक केलेली हत्यारं वापरतात, तिच्या पाटीवर उंदीर बसवणं मोठ्यांना पटणार नाही, आणि त्यांचं ते न पटणं चुकीचंही नाही.

इथून डॉक्टरला वाट सापडते. उंदराचेच गुण, पण किळस नको, तर मग खार. मराठी मुलाला ‘खारूताई’ हा शब्द बोलायला लागल्यापासून ओळखीचा असतो. खारही तशीच कुरतडणारी, तिचेही पुढचे दात जन्मभर वाढणारे. ती चावरी म्हणून कुणी ओळखत नाही. सेतू बांधताना वाळूचे कण आणणारी खार ही गोष्ट घराघरांत सांगितली जाते. शिवाय नावातच ‘ताई’ आहे, आणि बालदंतवैद्य बाई असेल तर मुलं तिला ‘डॉक्टरताई’ म्हणणार. ‘उद्या खारूताईकडे दात दाखवायला जायचंय’ हे वाक्य आईच्या तोंडी सहज बसतं. खोटं नाही, भीतीदायक नाही, आणि दात त्यात आहेत.

नावाच्या ध्वनीबद्दलही इथे बोलायला हवं, कारण पाळीव, गोड वाटणारं नाव म्हणजे मऊ आवाजाचं नाव असा समज आहे. त्यात तथ्य आहे. वोल्फगांग कोहलर यांनी १९२९ साली दाखवलं की निरर्थक शब्दांतले काही आवाज लोक गोल आकृतीला जोडतात आणि काही टोकदार आकृतीला. २००१ मध्ये रामचंद्रन आणि हबर्ड यांनी ‘बूबा’ आणि ‘किकी’ या शब्दांवर हेच पुन्हा दाखवलं. अमेरिकेतल्या इंग्रजी बोलणाऱ्यांना आणि भारतातल्या तमिळ बोलणाऱ्यांना बूबा गोलच वाटला. २००६ मध्ये अडीच वर्षांच्या मुलांतही हा कल आढळला. मराठी कानालाही ‘मऊ’, ‘लोणी’, ‘बाळ’ आणि ‘टोक’, ‘काटा’, ‘टाचणी’ यांतला फरक जाणवतो. पण आवाज गोल म्हणून दाताच्या खुर्चीची भीती कमी होते, असं यातून सिद्ध होत नाही. आवाजाचा उपयोग दोन सारख्या चांगल्या नावांतून एक निवडताना करावा. ‘खारूताई’त ‘ख’ आहे, ‘त’ आहे, ते काही लोण्यासारखं नाव नाही. पण ओळखीच्या जिवाचं नाव आवाजावर मात करतं.

आता हे नाव मुलांसमोर पारखायचं. इथे बहुतेक लोक घसरतात. ते मुलाला विचारतात, ‘हे नाव आवडलं का?’ मोठ्या माणसाने हसून विचारलं की लहान मूल ‘हो’ म्हणतं, त्याला काही अर्थ नसतो. पाच-सहा मुलांना एकत्र बसवून विचारलं तर पहिलं जे बोलेल तेच बाकीची बोलतात. म्हणून चार ते सात वर्षांच्या आठ-दहा मुलांना एकेकटं विचारावं, आणि डॉक्टरने नव्हे, मुलाच्या ओळखीच्या कुणीतरी विचारावं. फक्त नाव सांगायचं आणि प्रश्न असे ठेवायचे: ‘तिथे कोण राहत असेल? तिथे गेल्यावर काय होत असेल? चित्र काढशील?’ मुलाने झाड, घरटं, शेपूट काढलं तर ठीक. दात, तोंड, सुई किंवा रडणारं मूल काढलं तर नावात काय खटकलं ते शोधावं. दंतवैद्यांकडे पाच चेहऱ्यांची एक पट्टी असते, खूप रडवेल्या चेहऱ्यापासून खूप हसऱ्यापर्यंत. ‘तुला आत्ता कसं वाटतंय, बोट ठेव’ असं मुलाला सांगतात. नाव ऐकवण्याआधी एकदा आणि नंतर एकदा तीच पट्टी वापरली की बोलता न येणारं मूलही आपलं मत सांगतं. एवढ्याशा मुलांवरून शास्त्र सिद्ध होत नाही, पण फजितीचं नाव नक्की उघडं पडतं.

आणखी एक पारख मोठ्या मुलाची. बालदंतवैद्याकडे पहिला दात आलेलं बाळ येतं तसा तारा लावलेला तेरा वर्षांचा मुलगाही येतो. ‘छकुली’, ‘बोबडे बोल’, ‘इवलेसे दात’ अशा नावाच्या पाटीखाली मित्रांना दिसू नये म्हणून तो रस्ता ओलांडून जाईल. ‘खारूताई’ही त्याला थोडं लहान मुलांचं वाटेलच. इथे पूर्ण सुटका नाही. तोडगा असा की पाटीवर दुसरी ओळ ठळक, साधी असावी, आणि मोठ्या मुलाला फोन करताना डॉक्टरच्या नावाने करावा.

ती दुसरी ओळ अनेक जण गाळतात. लाडकं नाव मुलासाठी, तर दुसरी ओळ पालकांसाठी आणि कायद्यासाठी. ‘खारूताई. मुलांच्या दातांचा दवाखाना.’ त्याखाली डॉक्टरचं नाव, पदवी आणि राज्य दंत परिषदेचा नोंदणी क्रमांक. ‘बालदंततज्ज्ञ’ असं लिहायचं तर त्या शाखेतली पदव्युत्तर पदवी हवी. लाडक्या नावाच्या आडून तज्ज्ञपण सुचवणं ही पालकांची फसवणूक आहे. ‘हॉस्पिटल’ हा शब्द टाळावा, मुलाला तो दाखल होण्याची आठवण देतो. ‘दवाखाना’ या शब्दालाही सुईचा वास आहेच, म्हणून तो नावात न येता खालच्या ओळीत राहिलेला बरा.

मग नावाचा शोध. ट्रेडमार्क नोंदणीत दंतवैद्यकीय सेवा ४४ व्या वर्गात येतात, आणि तिथे कुणी आधीच ते नाव घेतलंय का हे नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर कुणालाही बघता येतं. फक्त सेवेचं वर्णन करणाऱ्या नावाला, म्हणजे ‘मुलांचा दंत दवाखाना’ एवढ्यालाच, सहसा नोंदणी मिळत नाही; ‘खारूताई’ला मिळण्याची शक्यता बरी. पण गावातली बालवाडीही याच नावाची असू शकते. तिची नोंदणी दुसऱ्या वर्गात असेल आणि कायद्याची हरकत नसेलही, तरी फोन मात्र चुकीच्या जागी जात राहतील. अशा वेळी नाव सोडून द्यावं.

आणि नावाची मर्यादा ओळखावी. नाव फक्त पहिल्या भेटीपर्यंत पुढे चालतं. त्यानंतर त्या नावाला अर्थ येतो तो खुर्चीवर जे घडलं त्याचा. दुखरी दाढ घेऊन आलेल्या मुलाची पहिलीच भेट रडारडीची झाली तर ‘खारूताई’ ऐकताच ते आईच्या पदराआड जाईल, आणि रस्त्यावरची खरी खारही त्याला नकोशी होईल. याउलट, दोन-तीन भेटी नुसत्या दात मोजण्याच्या, काहीच न दुखण्याच्या झाल्या असतील तर पुढे एखादी वाईट भेट झाली तरी भीती तितकी घट्ट बसत नाही. म्हणून पहिला दात आल्यावर, आणि उशिरात उशिरा पहिल्या वाढदिवसापर्यंत, मुलाला एकदा दंतवैद्याला दाखवावं, असं अमेरिकेतली बालदंतवैद्यांची संस्था सांगते. आपल्याकडे अनेक मुलं येतात ती रात्रभर रडून, गाल सुजवून. अशा मुलासाठी नाव काही करू शकत नाही.

पण जे मूल वेळेवर येतं, त्याच्यासाठी नावाला मदत लागते ती घरून. म्हणून डॉक्टरने भेटीच्या आदल्या दिवशी पालकांना मोबाइलवर संदेश पाठवावा आणि त्यात वाक्यं तयार करूनच द्यावीत. ‘उद्या सकाळी दहा वाजता खारूताईकडे यायचं आहे. मुलाला इतकंच सांगा: डॉक्टरताई तुझे दात मोजतील, आरशात दाखवतील. दुखेल, दुखणार नाही, सुई, घाबरू नकोस, यातलं काहीही सांगू नका. शहाण्यासारखा बसलास तर चॉकलेट देईन, असंही नको. मुलाने जास्त विचारलं तर म्हणा, ते आपण ताईंनाच विचारू.’ वेळ सकाळची द्यावी, झोप झालेली असते. आणि दार उघडल्यावर स्वागताला बसलेल्या मुलीने आधी आईचं नाव विचारू नये, मुलाचं विचारावं.